बिलावर ‘OUR’ लिहिलं म्हणून २५ डॉलर वाचत नाहीत

“फ्रीलान्सर मित्रांनो, परदेशी क्लायंटच्या बिलावर ‘सगळे चार्जेस OUR’ एवढं लिहा, एक पैसा कापला जात नाही. रक्कम रुपयांत टाका, म्हणजे रेटचा फटका नाही. खाली अकाउंट नंबर आणि आयएफएससी दिला की झालं. सोबत वेगळी चिठ्ठी वगैरे लिहायची काही गरज नाही.”

मी गिरगावात घरी बसून सबटायटल्सचं काम करते. माझे दोन क्लायंट अमेरिकेत आहेत. यातला पहिला सल्ला मी स्वतः पाळला होता आणि तरीही माझ्या बिलातले पैसे कापले गेले. हा मेसेज नव्याने काम सुरू केलेल्या मुलांच्या ग्रुपवर फिरतोय आणि ती मुलं तो खरा मानून बिलं पाठवताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

आधी OUR बद्दल, कारण खरी गोची तिथेच आहे. बँकेतून दुसऱ्या देशात पैसे पाठवताना, म्हणजे वायर करताना, पाठवणाऱ्याला एक रकाना भरावा लागतो: चार्जेस कोणी भरायचे? त्यात तीन पर्याय असतात. OUR म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे. SHA म्हणजे पाठवणारा आपल्या बँकेचे भरतो आणि वाटेतले व पोचल्यावरचे पैसे घेणाऱ्याच्या रकमेतून जातात. BEN म्हणजे सगळं घेणाऱ्याच्या माथी. स्विफ्ट या जाळ्यावरून बँका एकमेकींना पैसे पाठवण्याचा निरोप देतात. त्याच्या जुन्या स्वरूपात, म्हणजे MT103 मध्ये, हा रकाना 71A या क्रमांकाचा होता. आता बँका वापरतात त्या नव्या स्वरूपात हेच पर्याय DEBT, SHAR आणि CRED या नावांनी दिसतात.

हा रकाना भरतो क्लायंट, आपण नाही. आपल्या बिलाची पीडीएफ त्याची बँक बघतच नाही. क्लायंटकडची हिशेब सांभाळणारी व्यक्ती नेटबँकिंगचं पान उघडते, तिथे बहुतेकदा SHA आधीच निवडलेलं असतं आणि ती पुढे सरकते. माझ्या बाबतीत हेच झालं. बिलाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, मी OUR लिहिलं होतं. ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

बिल १,५०० डॉलरचं होतं. वाटेत न्यूयॉर्कमधल्या मधल्या बँकेने २५ डॉलर कापले. मधली बँक येतेच कुठून, तर आपल्या बँकेचं डॉलर खातं अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नोस्ट्रो खातं म्हणतात. क्लायंटच्या बँकेचा तिच्याशी थेट संबंध नसेल तर पैसे एक-दोन हात फिरून येतात, आणि प्रत्येक हाताला आपलं शुल्क घेता येतं. माझ्या बँकेत पोचले १,४७५ डॉलर.

पुढचा भाग मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेला दिसत नाही. आकडे सोपे करून सांगते. समजा त्या दिवशी बाजारात डॉलर ८५ रुपयांना होता आणि बँकेने मला ८३.६० रुपये दर लावला. १,४७५ डॉलरचे झाले १,२३,३१० रुपये. बाजारभावाने १,५०० डॉलरचे १,२७,५०० व्हायला हवे होते, म्हणजे तूट ४,१९० रुपयांची. त्यातले २,१२५ रुपये त्या २५ डॉलरचे आणि उरलेले २,०६५ रुपये दरातल्या फरकाचे. वर चलन बदलण्याच्या सेवेवरचा जीएसटी साधारण २०१ रुपये आणि बँकेचं आवक शुल्क जीएसटीसह २९५ रुपये. हातात आले १,२२,८१४.

आता क्लायंटने OUR निवडलं असतं तर काय वाचलं असतं? ते २५ डॉलर, आणि नियमाने बघितलं तर आवक शुल्कही, जरी आपल्याकडच्या बँका ते बऱ्याचदा तरीही लावतात. दरातला फरक मात्र जसाच्या तसा राहिला असता. OUR चा संबंध फक्त शुल्काशी आहे. डॉलरचे रुपये कोणत्या दराने करायचे हे आपली बँक ठरवते आणि तो फरक कुठल्याही मेसेजमध्ये ‘चार्ज’ म्हणून दिसत नाही. एक पैसाही कापला जात नाही हे म्हणणं इथेच खोटं ठरतं. माझ्या उदाहरणात जवळजवळ निम्मं नुकसान OUR च्या आवाक्याबाहेरचं आहे.

आणखी एक मर्यादा आहे. क्लायंटने प्रामाणिकपणे OUR निवडलं तरी अमेरिकेतून येणाऱ्या डॉलर वायरमध्ये मधल्या बँका कधीकधी ते पाळत नाहीत, आणि काही बँकांच्या ऑनलाइन फॉर्मवर तो पर्यायच नसतो. म्हणून बँकेच्या कोडपेक्षा क्लायंटशी झालेल्या बोलीवर माझी जास्त भिस्त आहे. ती बोली ज्या कागदावर असते, तोच हा मेसेज अनावश्यक म्हणतोय: बिलासोबतची चिठ्ठी.

माझ्या चिठ्ठीत आता इंग्रजीत या अर्थाच्या ओळी असतात: “बिल क्रमांक अमुक, रक्कम १,५०० अमेरिकन डॉलर. कृपया वायर डॉलरमध्येच पाठवा, तुमच्या बँकेला रुपयांत बदलू देऊ नका. चार्जेसच्या रकान्यात OUR निवडा. तो पर्याय नसेल तर मला आधी कळवा, मी बिलात वायर शुल्काची वेगळी ओळ घालून देईन. माझ्या बँकेत पोचलेली रक्कम १,५०० डॉलरपेक्षा कमी असेल, तर फरक पुढच्या बिलात जोडला जाईल.” ही शेवटची अट काम सुरू होण्याआधीच ईमेलवर मान्य करून घ्यायची. बिल पाठवल्यावर पहिल्यांदा सांगितलं तर समोरचा हक्काने नाही म्हणतो, आणि त्यात त्याची चूकही नसते.

फरक नेमका कुठे पडला हे ताडून बघता येतं. क्लायंटकडून वायरच्या पावतीची प्रत मागवा. जुन्या स्वरूपात 33B मध्ये पाठवायला सांगितलेली रक्कम असते, 32A मध्ये पुढे सरकलेली रक्कम आणि 71F मध्ये वाटेत कापलेलं शुल्क. आपल्या बँकेच्या आवक सूचनेवर किती डॉलर आले आणि कोणता दर लावला हे दोन्ही असतं. डॉलरच कमी आले असतील तर बोलणं क्लायंटशी. डॉलर पूर्ण आले आणि रुपये कमी पडले तर बोलणं आपल्या बँकेशी. मी पहिल्या वेळी हे न बघता क्लायंटला सगळ्या तुटीबद्दल लिहिलं होतं. त्यातली निम्मी तूट तिची नव्हतीच. तिने शांतपणे पावती पाठवली आणि मला माफी मागावी लागली.

रुपयांत बिल करण्याबद्दल. यात अर्धं सत्य आहे, हे मान्य. बिलात रुपये लिहिले तर तितकेच रुपये यायला हवेत आणि डॉलर वर-खाली झाल्याची झळ आपल्याला लागत नाही. पण दर नाहीसा होत नाही, तो फक्त क्लायंटच्या बँकेकडे जातो. तिकडच्या बँकेसाठी रुपया हे रोजच्या व्यवहारातलं चलन नाही, त्यामुळे तिचा दर बहुधा आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो. काही बँका रुपयांत वायर करतच नाहीत. मग क्लायंट गुगलवर दर बघून अंदाजाने डॉलर पाठवतो, इथे ते वेगळ्या दराने बदलले जातात आणि रक्कम बिलाशी जुळत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी तर आणखी जपावं. निर्यात सेवा म्हणून गणली जाण्यासाठी मोबदला परकीय चलनात यावा लागतो. रुपयांत चालतो, पण रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्रकारांतच. दोन हजार वाचवायला जाऊन ही कटकट कशाला ओढवून घ्यायची?

दराचा त्रास कमी करायचा तर तो आपल्या बाजूनेच करावा लागतो. पैसे खात्यात रूपांतरित होण्याआधी बँकेच्या फॉरेक्स विभागाला फोन करून दर विचारा. रक्कम मोठी असेल तर थोडा चांगला दर मिळतो. विचारलंच नाही तर छापील दर लागतो. ईईएफसी, म्हणजे परदेशी कमाई परकीय चलनातच ठेवायचं खातं, उघडलं तर डॉलर डॉलरमध्येच राहतात, मात्र त्यावर व्याज नाही आणि एका महिन्यात जमा झालेली शिल्लक पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावी लागते. आणि छोटी बिलं एकत्र करा. मधल्या बँकेचे २५ डॉलर ठरीव असतात. १,५०० च्या बिलावर ते पावणेदोन टक्क्यांच्या आत राहतात, ३०० च्या बिलावर आठ टक्क्यांवर जातात.

आता आयएफएससी. तो देशांतर्गत कोड आहे, एनईएफटी आणि आरटीजीएससाठी. परदेशी बँकेला लागतो स्विफ्ट कोड, ८ किंवा ११ अक्षरांचा. स्टेट बँकेचा SBININBB घ्या: पहिली चार अक्षरं बँकेची, मग IN म्हणजे भारत, मग BB हे ठिकाण, मुंबई. ११ अक्षरी कोडात शेवटची तीन शाखेची. आपल्या नाक्यावरच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड असेलच असं नाही. माझ्या शाखेला नव्हता. पैसे फोर्टच्या शाखेमार्फत येतात हे मला काउंटरवर विचारल्यावर कळलं. तिथेच आपल्या बँकेची डॉलरसाठीची न्यूयॉर्कमधली मधली बँक कोणती, तिचं नाव आणि स्विफ्ट कोडही विचारून घ्या आणि चिठ्ठीत द्या. आयबॅन हा काही देशांत वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. भारतात तो नाही, पण फॉर्मवर तो रकाना असला की क्लायंट अडकतो. म्हणून ‘भारतात आयबॅन वापरत नाहीत, अकाउंट नंबरच टाका’ ही ओळही घाला. खातेदाराचं नाव पासबुकावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. मी कामात माहेरचं नाव लावते आणि खातं सासरच्या नावाने आहे. पहिली वायर त्यावरून आठ दिवस अडकली होती.

पुढच्या बिलासोबत ही चिठ्ठी गेली. क्लायंटकडच्या बाईंनी लगेच उत्तर दिलं की त्यांच्या बँकेत OUR निवडता येतं, फक्त त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. आवक सूचनेवर या वेळी १,५०० डॉलर पूर्ण होते.