सर्दीच्या सिरपवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मी पोस्टमध्ये लिहिलं होतं की प्रत्येक सर्दीच्या सिरपमध्ये तापाच्या औषधातलंच पॅरासिटामॉल असतं, म्हणून मुलांना दोन्ही एकत्र पाजू नका. त्यावर एका दादांची ही प्रतिक्रिया:

"ताई, उगाच घाबरवताय लोकांना. डॉक्टर स्वतःच ताप आणि सर्दीचं औषध एकत्र लिहून देतात, ते काय वेडे आहेत का? आणि प्रत्येक सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल नसतं, आधी अभ्यास करा. आम्ही पण हेच पिऊन मोठे झालो."

दादा, मुद्दा मांडा ना, पण हा सूर कशाला? मी बी.फार्म आहे, लालबागला मेडिकलच्या काउंटरवर 11 वर्षं उभी राहिलेय, पोरांच्या तापाच्या बाटल्या रोज हातातून गेल्यात.

"प्रत्येक" हा शब्द माझा चुकला, मान्य. काही सिरपमध्ये नुसती सर्दीची औषधं, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन, असतात. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

आता डॉक्टरांचं. वेडे कोण म्हणालं त्यांना? दोन औषधं लिहिताना ते बहुतेक वेळा सर्दीचं बिना-पॅरासिटामॉलचं लिहितात, नाहीतर तापाचं "गरज लागली तरच" असं सांगतात. घोळ घरी होतो, आणि तो मी आमच्याच घरात पाहिलाय. माझ्या नणंदेचा मुलगा, तीन वर्षांचा, वजन 12 किलो. डॉक्टरांनी तापाचं, 5 मिलीत 250 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलचं सिरप साडेतीन मिली, दिवसातून चार वेळा लिहिलं, म्हणजे दिवसाला 700 मिलिग्रॅम. अगदी बरोबर, किलोमागे एका वेळी 15 मिलिग्रॅम, दिवसाला 60 च्या आत. पण नाक वाहतंय म्हणून आजीने फ्रिजवरची गेल्या महिन्यातली सर्दीची बाटली काढली आणि 5 मिली तीनदा पाजली. तिच्यावरही बारीक अक्षरात लिहिलेलं, 5 मिलीत 250 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. म्हणजे आणखी 750. एकूण 1450, किलोमागे 120 च्या वर, आणि हे सलग दोन दिवस चाललं, कोणाला पत्ताच नाही, कारण दोन्ही बाटल्यांची नावं वेगळी.

तिसऱ्या दिवशी उलट्या, पोर मलूल. रक्त तपासलं तर एसजीपीटी वाढलेलं, म्हणजे लिव्हरला इजा. सलाइनमधून एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचा उतारा दिला, बरा झाला. पॅरासिटामॉल मोडताना लिव्हरमध्ये थोडा विषारी पदार्थ तयार होतो, एरवी लिव्हरमधलंच ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं, पण डोस जास्त झाला आणि पोर तापात नीट जेवतही नसेल तर तो साठा आटतो. आणि पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणून तर एकदम जास्त डोस गेल्याचं कळलं की उलटीची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हा उतारा आठ तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात चांगलं काम करतं. तुम्ही मोठे झालात, आनंद आहे, पण त्यावरून माझ्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये फरक पडत नाही.

घरातल्या सर्दीच्या बाटलीवरचं कंपोझिशन वाचा, अमेरिकेहून आलेली असेल तर तिच्यावर ॲसिटॅमिनोफेन लिहिलेलं असेल, ते हेच. मिलिग्रॅम आणि मुलाचं वजन इथेच टाका, हिशोब मी करून देते.