एका गादीचा स्लॅब

आमच्याकडे स्लॅब पडला की लोक पेढे वाटतात. गेल्या रविवारी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात माझ्यावर जो स्लॅब पडला, त्यानंतर पेढे मागायला मात्र कोणी आले नाही. बिल अजून माझ्या खिशात आहे आणि ते मी दिवसातून एकदा तरी उलगडून पाहतो.

घडले ते थोडक्यात असे. मी आणि बायको दोन रात्रींसाठी गेलो होतो. खोलीचे भाडे रात्रीला ७,२०० रुपये होते आणि त्यात दोघांचा नाश्ता धरलेला होता. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून आत्या अचानक येऊन पोहोचली, म्हणून त्या एका रात्रीपुरती जादा गादी मागवली. गादीचे ९०० रुपये आणि आत्याच्या नाश्त्याचे ३५० रुपये मला आधी सांगितलेले होते. मनातल्या मनात बेरीज केली तर ती १५,६५० होत होती आणि कर धरून सोळा-साडेसोळा हजारांत सुटका होईल असा माझा अंदाज होता. हातात पडलेल्या बिलावर १८,४६७ हा आकडा होता.

कारण असे की सगळ्या रकमेला सरसकट १८ टक्के कर लावलेला होता. नऊ केंद्राचे आणि नऊ राज्याचे अशा दोन स्वतंत्र ओळी केलेल्या होत्या, जणू एका दमात अठरा वाचून पाहुण्याला भोवळ येऊ नये. मी काउंटरवरच्या मुलाला म्हणालो, की सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्केच कर आहे आणि माझी खोली तर ७,२०० ची आहे. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, सिस्टिमनेच घेतलं आहे." ही सिस्टिम नावाची व्यक्ती प्रत्येक काउंटरमागे असते, पैसे घेते आणि कधीही भेटत नाही.

एवढ्यात माझ्या खांद्यावरून एक माकडटोपी पुढे झुकली. टोपीत साधारण सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांच्या एका हातात स्ट्रॉबेरीची करंडी होती आणि दुसरा हात माझ्या बिलाकडे निघालेला होता. परवानगी वगैरे न विचारता त्यांनी बिल घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि एखादी दुर्मीळ पोथी सापडावी तशा आनंदाने ते पहिल्या ओळीपासून वाचू लागले. त्यांची हयात विक्रीकराच्या हिशेबांत गेली होती, हे त्यांनी न विचारताच सांगितले. निवृत्तीनंतर माणसाला कोणी हिशेब दाखवत नाही, ही त्यांची खंत असावी. ती त्या सकाळी माझ्या खर्चाने भागली.

"गादी घेतलीत?" त्यांनी चुकल्या मुलाला विचारावे तसे विचारले. मी हो म्हणालो. "मग मेलात. ७,२०० अधिक ९०० म्हणजे ८,१००. गादी त्याच खोलीत टाकतात, म्हणून तिचे पैसे खोलीच्याच किमतीत धरतात. ७,५०० ची रेघ ओलांडलीत."

मी म्हणालो, ठीक आहे, मग रेघेवरच्या ६०० रुपयांना १८ टक्के लावा आणि खालच्याला ५ लावा, आयकरात लावतात तसे. यावर ते इतके मनापासून हसले की दोन स्ट्रॉबेऱ्या काउंटरवर घरंगळल्या. "अहो, आयकराला पायऱ्या आहेत. हा कडा आहे कडा! एक पाऊल पुढे पडलं की संपूर्ण माणूस खाली जातो, नुसता पाय नाही." मग त्यांनी माझ्याच बिलामागे माझ्याच पेनाने गणित मांडले. गादी नसती तर त्या रात्रीचा कर ३६० रुपये झाला असता. गादीसकट ८,१०० वर १८ टक्क्यांनी तो १,४५८ झाला. म्हणजे कर वाढला १,०९८ रुपयांनी आणि गादीचे भाडे मात्र ९००. "तुमची गादी १,९९८ रुपयांना पडली," त्यांनी रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले. एका अनोळखी बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले.

त्यांचे समाधान एवढ्यावर होईना. पूर्वी हॉटेलने जाहीर केलेल्या दरावरून स्लॅब ठरायचा आणि तेव्हा जादा गादीमुळे स्लॅब बदलत नसे. असा खुलासा सरकारनेच २०१८ साली केला होता. पुढे त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्यक्ष आकारलेली रक्कम पाहू लागले. "पण याचा फायदाही असतो!" ते म्हणाले. "प्रत्यक्ष आकारलेली रक्कम म्हणजे सूट वजा जाता उरलेली रक्कम. गादी मागवतानाच ६०० रुपये सूट ठरवून ती बिलात दाखवायला लावली असती, तर खोली ७,५०० वर थांबली असती, कर ३७५ लागला असता आणि ती रात्र ७,८७५ मध्ये झाली असती. आता ९,५५८ ला झाली. सहाशेच्या सुटीत १,६८३ रुपये वाचले असते." मी आशेने मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "सर, सूट आधी ठरायला हवी होती." दोघेही माझ्याकडे असे पाहत होते, की गादी मागवताना कर सल्लागार सोबत न आणणे ही शुद्ध बेपर्वाई ठरावी.

पण पहिल्या रात्रीचे काय? त्या रात्री गादी नव्हती आणि आत्या साताऱ्याला स्वतःच्या पलंगावर होती. कर दर दिवसाच्या खोलीवर ठरतो, त्यामुळे त्या रात्रीला ५ टक्केच लागायला हवे होते. हे मात्र मीच दाखवून दिले आणि माकडटोपीने मान डोलावून मला पास केले. सिस्टिमने दोन रात्रींची एकच मोळी बांधली होती. मुलाने वीस मिनिटे, दोन फोन आणि एक रडवेला प्रिंटर खर्ची घालून ९३६ रुपये कमी केले आणि बिल १७,५३१ वर आणले. चूक त्यांची होती, पण "सर, ॲडजस्ट करून दिलं" हे वाक्य त्याने उपकाराच्या सुरात उच्चारले, ते मला अजून खुपते. मी बिल वाचले नसते तर ते कोणी ॲडजस्ट केले असते?

नाश्त्यावर मी वाद घातला नाही. गेल्या आर्थिक वर्षात हॉटेलची एक जरी खोली ७,५०० च्या वर गेली असेल, तर त्यांच्या उपाहारगृहातल्या खाण्यालाही १८ टक्के लागतात, असे दोघांनी मिळून मला सांगितले. म्हणजे मे महिन्यात कोणी श्रीमंत माणूस मोठ्या खोलीत राहून गेला, त्याची शिक्षा आत्याला. त्या दिवशी तिची एकादशी होती. तिने एक केळे आणि अर्धा कप चहा घेतला, त्याचे ४१३ रुपये झाले.

निघताना गृहस्थांनी शेवटचा घाव घातला. ड्रायव्हरांसाठीची मागची छोटी खोली कितीला, असे त्यांनी सहज मुलाला विचारले. तो म्हणाला, १,९००. त्यांनी तोंडीच हिशेब केला, "५ टक्क्यांनी १,९९५. गादीपेक्षा तीन रुपये स्वस्त, शिवाय स्वतंत्र न्हाणीघर."

गाडीत मी आत्याला काही बोललो नाही. पसरणीच्या घाटात तिनेच विषय काढला. "त्या गादीला कसला तरी कुबट वास होता रे. मी रात्रभर आपली खुर्चीतच बसून होते. तुम्हाला कशाला उठवायचं, म्हणून बोलले नाही."