सर्दी दिसली म्हणजे ताप सर्दीचाच, हे कोणी ठरवलं?

«तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला सर्दीत ताप येतोच, घाबरू नका. पॅरासिटामॉलचे थेंब द्या, मध चाटवा, दूध पीत असेल तर तीन दिवस वाट बघा. डॉक्टर उगाच टेस्ट करतात.»

हा मेसेज माझ्या मामेबहिणीला तिच्या सासूबाईंनी पाठवला, बाळ पाच आठवड्यांचं, म्हणून लिहायला बसले.

मधाचं आधी उरकते. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूच्या विषाने बाळ लुळं पडण्याचा, धोका असतो, विषय संपला.

आता सर्दी. अशा बाळांचा ताप बऱ्याचदा व्हायरलच निघतो, हे मान्य. पण नाक वाहतंय म्हणून दुसरं इन्फेक्शन नाही असं होत नाही. 2004 साली अमेरिकेत आठ हॉस्पिटल्सच्या इमर्जन्सीत आलेल्या, ताप असलेल्या 60 दिवसांपर्यंतच्या बाळांचा अभ्यास छापून आला. त्यात सर्दी-खोकल्याचा आरएसव्ही व्हायरस टेस्टमध्ये सापडलेल्या बाळांपैकीसुद्धा साधारण 7 टक्क्यांना गंभीर बॅक्टेरियल इन्फेक्शन होतं, बहुतेकांना लघवीचं. व्हायरस न सापडलेल्यांत ते 12.5 टक्के होतं, म्हणजे सर्दीने धोका कमी होतो, जात नाही.

समजा मोठ्या भावाची सर्दी पाच आठवड्यांच्या बाळाला लागलीय, काखेत ताप 100.6 आहे, दूध ठीक पितंय. घरच्यांना कारण सापडलेलं असतं, लघवीचा विचार कोण करणार, एवढंसं बाळ जळजळ होतेय म्हणून सांगणारे थोडंच? डॉक्टर बारीक नळीने लघवी घेतात (चिकटवायच्या पिशवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि कल्चर गंडतं), रक्त तपासतात, वय आणि रिपोर्ट बघून पाठीतलं पाणी काढायचं का ते ठरवतात. तीन आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर बहुतेक वेळा ॲडमिटच करतात, कारण या वयात जंतू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पटकन पोचतात आणि बाळ काही तास अगदी नॉर्मल दिसू शकतं. म्हणूनच ‘दूध पितंय’ हा पुरावा पुरत नाही. दूध सोडलं, मलूल झालं, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला किंवा अंग गार पडलं तर एक मिनिटही थांबू नका, पण ही लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नसतं.

थेंबांचं म्हणाल तर डोस वजनावर ठरतो, या वयात डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. आणि ताप उतरला म्हणून इन्फेक्शन गेलं असं नसतं, घरी मोजलेला ताप डॉक्टरला सांगायचाच.

बाळाला फार गुंडाळलं असेल तर कपडे सैल करा, पंधरा-वीस मिनिटांनी परत मोजा. गुदद्वारात 100.4 किंवा काखेत 99.5 च्या वर असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, लहान मुलांची इमर्जन्सी असलेल्या हॉस्पिटलात जा, गाडी नसेल तर 108 ला फोन लावा.