‘स्विच ऑफ’ आणि ‘नॉट रीचेबल’बद्दल खुलासा

“‘स्विच ऑफ’ ऐकू आलं म्हणजे समोरच्याने मुद्दाम फोन बंद केला आणि ‘नॉट रीचेबल’ म्हणजे तुम्हाला ब्लॉक केलं.”

ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधलं हे दोन्ही चूक आहे. मी मोबाइल नेटवर्कच्या देखभालीचं काम करतो, म्हणून सांगतो. फोन नीट बंद केला किंवा फ्लाइट मोडवर टाकला, की तो जाताना नेटवर्कला तसा निरोप देतो. मग टॉवरने हाक न मारताच ‘बंद आहे’ ऐकवलं जातं. रेंज अचानक गेली तर हा निरोप जातच नाही. नेटवर्क शेवटच्या भागातल्या टॉवरवरून फोनला हाक मारतं, उत्तर येत नाही, आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं.

गेल्या महिन्यात भाऊ ताम्हिणी घाटात होता. दुपारी ‘संपर्क क्षेत्राबाहेर’, संध्याकाळी ‘बंद आहे’. आई घाबरली. फोन चालूच होता! फोन ठरावीक वेळाने हजेरी देतो. बराच वेळ ती आली नाही, की नेटवर्क त्याला बंद धरतं.

‘व्यस्त’ म्हणजे समोरचा दुसऱ्या कॉलवर आहे किंवा त्याने कॉल कापला. पण ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हा दोष मधल्या वाटेवरच्या गर्दीचा, त्याच्या फोनचा नव्हे. शब्दरचना कंपनीनुसार बदलते, म्हणून एका वाक्यावरून ब्लॉकचा निष्कर्ष काढू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलात तिथे हा खुलासा टाका.