०.०५ म्हणजे ०.०५च: डायलच्या नावावर फिरणाऱ्या सवलतीचा प्रतिवाद

«रनआउट अन् कॉन्सेंट्रिसिटी एकच आहे भाऊ, चिन्ह तेवढं वेगळं. डायल नेहमी दुप्पट दाखवते, म्हणून ड्रॉइंगवर ०.०५ असंल तं काटा ०.१० फिरला तरी जॉब पास. शाफ्ट सेंटरमधी धरा, डायल लावा, झालं काम. काटा त्याच्या वर गेला तं समजा कॉन्सेंट्रिसिटी फेल.»

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या लेथवाल्यांकडे हा निरोप सीझनच्या तोंडावर फिरतो. जिनिंगच्या पंख्यांचे शाफ्ट तेव्हाच बनायला येतात, आणि घाईत कोणाला अशी सवलत हवीच असते. निरोपातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तो टिकून आहे. तेव्हा एकेक वाक्य घेऊन बोलू. रनआउट म्हणजे फिरताना पृष्ठभागाचं वर-खाली होणं, कॉन्सेंट्रिसिटी म्हणजे दोन भागांचा मध्य एकच असणं, आणि डायल म्हणजे ही हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र.

सुरुवात दुपटीपासून करतो, कारण जॉब तिथेच वाया जातो. उदाहरणाला एक शाफ्ट धरू. कापूस ओढणाऱ्या पंख्याचा, ४० मिमीच्या दोन बेअरिंग सीट असलेला. ड्रॉइंगवर या दोन सीटना A आणि B अशी डेटमची, म्हणजे मोजायच्या आधाराची, अक्षरं आहेत. एका बेअरिंगच्या बाहेर ३५ मिमीची सीट आहे, तिच्यावर पंख्याचा हब बसतो. त्या सीटवर चौकटीत तिरपा एकेरी बाण, म्हणजे रनआउटचं चिन्ह, पुढे ०.०५, पुढे A-B.

या सीटचा अक्ष बेअरिंगच्या अक्षापासून ०.०२५ मिमी सरकलेला आहे असं धरा. शाफ्ट फिरवला की एका बाजूला पृष्ठभाग ०.०२५ वर येतो, अर्ध्या फेऱ्यानंतर तितकाच खाली जातो. काट्याची पूर्ण हालचाल होते ०.०५. म्हणजे डायल सरकण्याच्या दुप्पट दाखवते, हे खरंच आहे. फक्त ड्रॉइंगवरचा आकडा सरकण्याचा नसतो. बाणाच्या पुढचा ०.०५ हाच एका पूर्ण फेऱ्यात काट्याची एकूण हालचाल किती चालेल याचा आकडा आहे. दुप्पट त्यात आधीच धरलेली आहे. तुम्ही पुन्हा दोनने गुणलं, की डिझायनरने ०.०२५ सरकायला दिलेली परवानगी ०.०५ झाली.

काटा शून्याच्या दोन्ही बाजूंना गेला तर दोन टोकांमधलं अंतर मोजायचं. +०.०३ आणि −०.०२ आलं तर एकूण ०.०५, जॉब अगदी काठावर पास. −०.०५ ते +०.०५ म्हणजे ०.१०, नापास. शून्य कुठे लावलं याला महत्त्व नाही. बाणाच्या आकड्याला «प्लस-मायनस» समजणं ही याच चुकीची दुसरी आवृत्ती आहे.

आता दोन वर्तुळांचं चिन्ह, म्हणजे कॉन्सेंट्रिसिटी. तिथे आकड्याआधी व्यासाची खूण असते: ⌀०.०५. डेटमच्या अक्षाभोवती ०.०५ व्यासाची एक नळी कल्पना करा. सीटचा अक्ष त्या नळीत राहायला हवा. व्यास ०.०५ म्हणजे मधल्या रेषेपासून कुठल्याही बाजूला ०.०२५. गोल सीट तितकी सरकली तर डायल पुन्हा ०.०५ च दाखवणार. दोन्ही चिन्हांत ०.१० ला जागाच नाही.

पंख्याला याने काय फरक पडतो, तेही पाहू. पंखा वेगळा बॅलन्स करून सीटवर बसवला, तर सीट जितकी सरकलेली तितकंच त्याचं वस्तुमानकेंद्र फिरण्याच्या अक्षापासून सरकतं. पंख्यांसाठी साधारणपणे जी६.३ ही बॅलन्सची श्रेणी धरतात. मिनिटाला १५०० फेऱ्यांना तिच्यात एकूण ०.०४ मिमी सरकणं बसतं. डायलवर ०.०५ असलेला शाफ्ट त्यातलं ०.०२५ खातो, बाकीच्या चुकांना थोडी जागा उरते. डायलवर ०.१० असलेला शाफ्ट एकटाच ०.०५ घेतो. बॅलन्स केलेला पंखा बसवल्याच्या क्षणी मर्यादेबाहेर गेलेला असतो, आणि पुढे थरथर सुरू झाली की बोल बेअरिंगला लावला जातो.

एकाच गोष्टीची दोन चिन्हं, हे म्हणणं यानंतर पटण्यासारखं वाटू शकतं, कारण दोन्हीकडे ०.०५ आला. पण तो सीट पूर्ण गोल धरल्यामुळे आला. रनआउट पृष्ठभागाला विचारतं: फिरताना तू किती वर-खाली झालास? सरकलेला अक्ष आणि बिघडलेली गोलाई, दोन्ही त्यात एकत्र येतात. कॉन्सेंट्रिसिटीला पृष्ठभाग लंबगोल आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, तिला फक्त मध्य कुठे आहे ते हवं.

याच शाफ्टवर ६० मिमीची, ±०.१ सूट असलेली पातळ कॉलर आहे असं समजा, आणि तिच्यावर ⌀०.०५ कॉन्सेंट्रिसिटी दिली आहे. चढवताना दाबून ती लंबगोल झाली आहे. A-B वर फिरवून एकाच छेदावर, म्हणजे लांबीच्या एकाच जागी, डायल वाचली: ० अंशाला +०.०४, ९० ला −०.०३, १८० ला +०.०२, २७० ला −०.०३. काट्याची हालचाल ०.०७. निरोपाप्रमाणे कॉलर पास, कारण ०.१० च्या आत आहे. ०.०५ ची खरी मर्यादा माहीत असलेला, पण दोन्ही चिन्हं एक मानणारा, तिला नापास करेल. दोघांचीही रीत चुकीची.

समोरासमोरचे बिंदू जोडून पाहा. ० आणि १८० अंशांत फरक ०.०२, त्याचा अर्धा ०.०१. म्हणजे मध्य त्या दिशेला ०.०१ सरकलाय. ९० आणि २७० सारखेच, म्हणजे त्या दिशेला सरकलेलाच नाही. परवानगी ०.०२५ ची, सरकणं ०.०१ चं, कॉन्सेंट्रिसिटी आरामात पास. इथे बाण असता तर मात्र ०.०७ वर कॉलर नापास झाली असती. डायलचं शून्य बरोबर ३० मिमी त्रिज्येला धरलं, तर मायक्रोमीटरला हीच कॉलर एकीकडे ६०.०६ आणि काटकोनात ५९.९४ भरेल, आणि दोन्ही मापं ±०.१ च्या आत आहेत.

एवढी लंबगोलाई पंख्याच्या ३५ मिमीच्या सीटवर सापडणार नाही. फिटची सूटच तिथे इतकी बारीक असते की मापात पास झालेली सीट ठळक लंबगोल असू शकत नाही. तिथे दोन चिन्हांमधला फरक हातात फारसा जाणवत नाही, आणि गैरसमज बहुधा तिथूनच पसरला असावा. ढिल्या सुटीच्या कॉलरवर, वेल्डिंग भरून पुन्हा टर्न केलेल्या भागावर किंवा पातळ स्लीव्हवर तो लगेच उघडा पडतो. ओळखायची खूणही सोपी आहे. एका फेऱ्यात काटा एकदाच चढून एकदाच उतरला तर अक्ष सरकलाय. दोनदा चढला-उतरला तर लंबगोल आहे.

निरोपातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर यातच आलं. डायलची हालचाल ०.०५ च्या आत असेल तर समोरासमोरच्या दोन बिंदूंत ०.०५ पेक्षा जास्त फरक असूच शकत नाही, म्हणून त्या छेदावर मध्य ०.०२५ च्या आत आहे असं मानायला हरकत नाही. डायल कॉन्सेंट्रिसिटी पास करू शकते. नापास करायला एकटा काटा पुरत नाही. समोरासमोरची वाचनं घ्यावी लागतात, तीही चार नाही, बारा-सोळा, आणि एकाहून जास्त छेदांवर. हे काम किचकट आहे. अमेरिकन एएसएमई वाय१४.५ मानकाने २०१८ च्या आवृत्तीत कॉन्सेंट्रिसिटीचं चिन्हच काढून टाकलं. आयएसओ पद्धतीच्या ड्रॉइंगवर ते अजून येतं.

राहिली सेंटरमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या भोकांत शंकू घालून, धरायची गोष्ट. चौकटीत A-B लिहिलंय, म्हणजे शाफ्ट बेअरिंग सीटच्या अक्षाभोवती फिरवून मोजायचा. सेंटर ड्रिलची भोकं डेटम नाहीत. एकाच सेटिंगमध्ये सगळं टर्न झालं असेल आणि भोकं शाबूत असतील, तर दोन्ही अक्ष जवळपास एकच असतात आणि सेंटरवरचं वाचन चालून जातं. पण शाफ्ट उलटून धरला असेल, भोकात बर, म्हणजे धातूची उरलेली कोर, असेल किंवा तोंडावर ठोका बसला असेल, तर तसं राहत नाही.

समजा सेंटरमध्ये पंख्याच्या सीटवर डायल ०.०३ दाखवते. सगळे खूश. आता तीच डायल बेअरिंग सीटवर नेली, तर दोन्ही सीटवर ०.०४ आलं, आणि काट्याचं वरचं टोक पंख्याच्या सीटच्या बरोबर उलट बाजूला. बेअरिंग सीट ०.०२ एकीकडे, पंख्याची सीट ०.०१५ दुसरीकडे. दोघींतलं अंतर ०.०३५. बेअरिंगमध्ये बसल्यावर शाफ्ट ०.०७ चा रनआउट दाखवेल, आणि तो नापास आहे. म्हणून सेंटरवर मोजायचंच असेल तर आधी A आणि B वर डायल लावा. तिथे काटा हलला तर सेंटर विश्वासाचं नाही.

योग्य पद्धत म्हणजे सरफेस प्लेटवर जोडीचे दोन व्ही-ब्लॉक, A आणि B त्यांच्यावर, आणि शाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून टोकाला एक स्टॉप. प्लंजर डायलची दांडी शाफ्टच्या अक्षाकडे रोखलेली हवी. लिव्हर डायलची टोच पृष्ठभागाला जितकी समांतर तितकं बरं. ती ३० अंश तिरपी असली तर ०.०६ चं वाचन प्रत्यक्षात ०.०५२ असतं. व्ही-ब्लॉकचाही एक दोष लक्षात असू द्या. सीट सेंटरलेस, म्हणजे सेंटरमध्ये न धरता, ग्राइंड केलेली असेल तर तिला कधीकधी तीन उंचवटे असतात. मायक्रोमीटरला ती सगळीकडे सारखीच भरते, पण व्ही-ब्लॉकवर शाफ्टलाच वर-खाली हलवते. काटा फेऱ्यात तीनदा चढला-उतरला तर आधी बेअरिंग सीट तपासा, पंख्याच्या सीटला दोष देऊ नका.

एकेरी बाणाचा ०.०५ प्रत्येक छेदाला वेगळा लागू होतो. डायल दुसऱ्या जागी नेली की शून्य पुन्हा लावलं तरी चालतं, त्यामुळे सीट निमुळती असेल तर ते यात दिसत नाही. दुहेरी बाण असेल तेव्हा शून्य न हलवता डायल पूर्ण लांबीवर न्यायची, आणि सगळ्या लांबीतली हालचाल मिळून आकड्यात बसवायची.

आणि फिरणाऱ्या शाफ्टवर पार्टीने दोन वर्तुळांचं चिन्ह दिलं असेल, तर काम धरण्याआधीच विचारा की A-B ला ०.०५ रनआउट चालेल का. बहुतेक वेळा त्यांना तेच हवं असतं. होकार आला की तो ड्रॉइंगवर लिहून सही घ्या, आणि तपासणीच्या कागदावर हालचालीसोबत शाफ्ट कशावर धरून मोजला तेही लिहा.