पाव गोळीने मांजर जाऊ शकतं

"मांजराचे पंजे म्हणजे निसर्गाने दिलेले बूट. गच्ची कितीही तापली तरी त्यांना काही होत नाही. चुकून भाजलंच तर बर्फ चोळा नाहीतर टूथपेस्ट लावा, दुखत असेल तर पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या. भेगा पडल्या तर आपलंच टाचांचं क्रीम लावा."

हा मेसेज वाचून मावशीने गोळीचे चार तुकडे करून ठेवले होते, म्हणून आधी गोळीचंच बोलू. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे 125 मिलिग्रॅम. मांजर चार किलोचं धरलं तर किलोमागे 31 मिलिग्रॅम झाले. मांजरांमध्ये विषबाधा किलोमागे 10 मिलिग्रॅमलासुद्धा झालेली आहे. पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकायची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती मांजरात जवळपास नसतेच. मग त्याच औषधाचं विषारी रूप तयार होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, मांजर धापा टाकतं, तोंड आणि पंजे सुजतात. पंजे सुजतात हे लक्षात ठेवा, कारण घरच्यांना वाटतं भाजल्याचीच सूज आहे, आणि कोणीतरी आणखी एक तुकडा देतं. गोळी दिली गेलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता पाकीट बरोबर घेऊन पशुवैद्याकडे पळा. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

आता बूट. पंज्याची गादी जाड असते हे खरं, आणि बाहेर हिंडणाऱ्या मांजराची जास्तच राठ असते, तेवढं मान्य. पण जाडी म्हणजे थोडी उसंत, संरक्षण नव्हे. मॉरित्झ आणि हेन्रिक्स यांनी 1947 साली डुकराच्या आणि माणसाच्या कातडीवर मोजून ठेवलंय: 44 अंशांना कातडी भाजायला सुमारे सहा तास लागतात, 60 अंशांना मात्र पाचच सेकंद. कडक उन्हात डांबर किंवा गडद फरशी 60 पर्यंत सहज जाते. गादीमुळे पाचाचे काही सेकंद वाढतील, पण गच्चीचं दार मागे बंद झालेलं मांजर तिथे काही सेकंद नाही, तासभर अडकतं. हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर मांजरालाही सोडू नका. ऊन उतरल्यावरही हे करायचं, काँक्रीट उशिरापर्यंत तापलेलं राहतं.

बर्फाने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त कमी मिळतं. टूथपेस्ट जखमेला झोंबते आणि चाटून पोटात जाते. भाजल्यावर हवं ते साधं गार पाणी, दहा ते वीस मिनिटं. नळाखाली मांजर धरणं जमत नाही, त्यापेक्षा अंग टॉवेलात गुंडाळा, पंजाच बाहेर काढा आणि त्यावर ओलं फडकं ठेवून दर मिनिटाला बदला. बाकीचं अंग कोरडं राहू द्या, नाहीतर मांजर गारठतं. एक गंमत अशी की दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणीच कढत असतं, तेव्हा पाणी आधी हातावर घेऊन बघा.

खरी हानी कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसते. गादी आधी नुसती लाल आणि चकचकीत असते, मग फोड येतो किंवा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. फोड फोडू नका, पापुद्रा कापू नका. उघडी जखम असली किंवा एकाहून जास्त पंजे भाजले असले, तर पशुवैद्याकडेच जा. तोवर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, मीठ घालून त्याने हलकेच धुवा. शौचाच्या ट्रेमध्ये ओली झाल्यावर गोळे बनणाऱ्या मातीऐवजी कागदाचे तुकडे घाला, माती जखमेत घट्ट बसते. घरी पट्टी बांधू नका, घट्ट झाली तर बोटं सुजतात.

टाचांच्या काही क्रीममध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं, आणि तेही गोळीसारखंच मांजराला पचायला कठीण. कातडी फाटलेली नसून फक्त कोरडी असेल तर साधी पेट्रोलियम जेली पातळ लावा आणि पाचेक मिनिटं चाटू देऊ नका.

मात्र सगळ्याच भेगा उन्हाच्या नसतात. मधली मोठी गादी फुगलेली, दाबल्यावर मळलेल्या कणकेसारखी मऊ आणि जांभळट दिसत असेल, वर पांढरट रेघा असतील, तर तो प्लाझ्मा सेल पोडोडर्माटायटिस असू शकतो. तो प्रतिकारशक्तीशी निगडित आजार आहे, बहुधा एकाहून जास्त पायांत दिसतो, आणि त्याला कुठलीही जेली लागू पडत नाही.