प्रवेश सुरू! शाळेचा व्हिडिओ कसा काढावा

तुमची स्वतःची शाळा आहे आणि तिचा ड्रोनवाला व्हिडिओ अजून निघालेला नाही? मग शिक्षणक्षेत्रात तुम्ही नेमकं करताय काय? परवाच कोल्हापूरच्या एका उपनगरातल्या संस्थेला मी दोन मिनिटांची संहिता लिहून दिली. ‘वर्ग, शिक्षक, मुलं, सगळं खरं खरं दाखवा,’ असं त्यांनीच बजावलं होतं. खरं दाखवलं, तर संहिता परत आली. सोबत बरंच ज्ञानही आलं. ते एकट्यानं ठेवून काय करू? घ्या.

सुरुवात शाहू महाराजांच्या तसबिरीनं करावी. महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. यातलं ‘मोफत’ तेवढं निवेदनातून गाळा. पुढच्याच दृश्यात फीची खिडकी आहे.

वर्ग दाखवताना कॅमेरा मागच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि १६ मिमीची वाइड लेन्स लावा. भिंती लांब पळतात, बाकांमधली वाट रुंद होते, वर्गाचा हॉल होतो. एका बाकावर तिघं बसत असतील, तर तिसऱ्याला शूटिंगपुरतं ग्राउंडवर पिटाळा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. फ्रेममध्ये तेवढीच उरली की कायदाही पाळला गेला! मी येडा, दारापासून फळ्यापर्यंत साध्या लेन्सनं एकच सलग शॉट लिहिला होता, आणि खाली वर्गाचा पट.

प्रयोगशाळेत चंचुपात्रात निळं पाणी. मोरचूद नसेल तर कपड्याची नीळ चालते.

शिक्षकांची नावं पडद्यावर नकोत. व्हिडिओ मार्चात निघतो, करार एप्रिलात संपतो आणि जूनमध्ये पालक विचारत येतात, ‘त्या गणिताच्या बाई कुठायत?’

पालकांची संमती? डायरीत एक ओळ छापली की झालं.

आता मुलांचा आवाज. हे काम नाजूक. ‘शाळा कशी वाटते?’ असं विचारलं की कुठलंही पोर ‘छान’ म्हणून गप्प बसतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. मी मात्र बाईंना वर्गाबाहेर थांबवलं, पाचवीतल्या एका पोराच्या कॉलरला माइक लावला आणि विचारलं, ‘काल शाळेत काय झालं?’ तो म्हणाला, ‘बाईंनी भाकरी आणलेली. चतकोर म्हंजे पाव, आन् दोन चतकोर म्हंजे अर्धी. मला आधी कळतच नव्हतं. आता येतंय की!’ मागं पंख्याची घरघर, कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तेही तसंच ठेवलं.

संस्थाचालक बघून म्हणाले, ‘अहो, भाषा काय ही! आणि कळत नव्हतं हे कशाला सांगायचं जगाला?’

मग दुसरं पोर आलं, भांग पाडलेलं. त्याला पाठ करून दिलेलं वाक्य होतं, ‘अवर स्कूल बिलीव्ज इन होलिस्टिक डेव्हलपमेंट.’ ते पोर होलिस्टिकला अडकायचं. अडकलं की त्याचे डोळे कॅमेऱ्याशेजारी उभ्या मॅडमकडे जायचे, मॅडम ओठ हलवून दाखवायच्या, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पोरानं विचारलं, ‘सर, आता घरी जाऊ?’ एवढं एकच वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि तेच कापलं! जिथं अडकलं तिथं घसरगुंडीचा शॉट चिकटवला, वर संगीत ओतलं. पोर बोलतंय आणि वाक्याच्या मध्येच चित्र घसरगुंडीवर गेलं, की ओळखायचं, खाली सांधा आहे.

अहो, लाज कशाची वाटते तुम्हाला? ‘म्हंजे’ची? तुमच्या घरात काय बोलतात? एका पोराला येत नव्हतं ते यायला लागलं, हे कॅमेऱ्यासमोर ते स्वतः सांगत होतं. फी भरून पालकाला दुसरं हवं असतं काय? ते फेकलंत आणि घसरगुंडी ठेवलीत. पोराला पोपट करायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

आणि पालकहो, तुम्ही तरी काय बघता? ड्रोनमधून गच्ची बघून पोराचं नाव घालता. शाळा भरलेली असताना दुपारी जाऊन उभे राहा की वर्गाच्या दारात. बाकावर किती बसतात ते मोजा. बाई किती वर्षं टिकल्यात ते विचारा. आत जाऊ देत नसतील, तर ते पण कळलंच ना?

संस्थाचालकसाहेब, व्हिडिओ तुमचा तुम्ही गाजवा. भाकरी घेऊन येणाऱ्या त्या बाई करारावर आहेत. जूनमध्ये त्यांना ठेवताय की नाही, तेवढं सांगा.